कलम नऊ आणि गच्चीवरची सुपारी

आमच्या सोसायटीचे अध्यक्ष नोटीस लावत नाहीत, काढतात. एखाद्या कार्यालयातून चाळीस वर्षं परिपत्रकं काढत आलेल्या माणसाला निवृत्तीनंतर सोळा सदनिकांची इमारत मिळाली, की तिचं मंत्रालय व्हायला वेळ लागत नाही. जिन्यातला दिवा गेला तरी त्यांची नोटीस ‘सर्व संबंधितांच्या निदर्शनास आणून देण्यात येते की’ अशी सुरू होते. दिवा गेल्याचं आमच्या निदर्शनास आलेलं असतं, कारण आम्ही त्याच अंधारात ठेचकाळत वर आलेलो असतो.

श्रीवर्धनला मी निवृत्त झाल्यावर राहायला आलो. आयुष्य एका कॉलेजच्या ग्रंथालयात गेलं, तेव्हा भारी शब्दांची मला सवय आहे आणि भीतीही नाही. आमची इमारत तळमजला अधिक तीन मजल्यांची. घर तिसऱ्या मजल्यावर घेतलं, कारण खिडकीतून समुद्राची एक फीत दिसत होती. वरच्या मजल्याबरोबर गच्चीसुद्धा डोक्यावर येते हे पहिल्या पावसाळ्यात कळलं. स्वयंपाकघराच्या छताला एक डाग उमटला. दुसऱ्या पावसाळ्यात तो परातीएवढा झाला आणि तिसऱ्या पावसाळ्यात बायकोने खरोखरच खाली परात ठेवली. म्हणून गेल्या वर्षी मार्चमध्ये गच्चीच्या दुरुस्तीची नोटीस फळ्यावर लागली, तेव्हा इमारतीत सगळ्यात जास्त आनंद मला व्हायला हवा होता.

नोटीस दीड पानी होती आणि तिला अकरा कलमं होती. ‘विषय: इमारतीच्या गच्चीचे जलरोधक दुरुस्ती काम, वेळापत्रक, खर्चविभागणी व प्रवेशाबाबत.’ पहिली पाच कलमं ठीक होती. मार्चच्या शेवटच्या शुक्रवारी काम सुरू. आधी सुटलेला कोबा फोडून काढणार, मग भेगा बुजवणार, कठड्याच्या कडेने गोलाई भरणार, जलरोधक थर देणार आणि त्यावर विटांच्या तुकड्यांचा नवा कोबा घालणार. शेवटी पावसाळी पाइपांची तोंडं बंद करून गच्चीत तीन दिवस पाणी साठवायचं, आणि त्या तीन दिवसांत वरच्या मजल्यावरच्या लोकांनी घरं उघडी ठेवायची, म्हणजे छत ओलं होतं का ते पाहता येईल. एकूण साधारण तीन आठवडे. खर्चाचा काही भाग दुरुस्ती निधीतून, उरलेला सगळ्या सोळा सदस्यांकडून सदनिकेच्या क्षेत्रफळाप्रमाणे दोन हप्त्यांत. गच्ची सर्वांची सामायिक, म्हणून तळमजल्यावरचेही त्यात आले. हे सगळं वार्षिक सभेत ठरलेलंच होतं.

सहाव्या कलमाला मी थांबलो. ‘बांधकाम साहित्य वाहून नेण्यासाठी लिफ्टचा वापर करता येणार नाही.’

आमच्याकडे लिफ्ट नाही.

आठव्या कलमात पोडियमवर मुलांना खेळायला बंदी होती. पोडियम म्हणजे मोठ्या संकुलात पार्किंगच्या छतावर केलेलं अंगण, हे मला माहीत आहे. आमच्या इमारतीला ते माहीत नसावं. आणि नववं कलम असं होतं: ‘काम पूर्ण झाल्यानंतर गच्ची कायमस्वरूपी कुलूपबंद राहील व चावी सुरक्षारक्षकाच्या ताब्यात राहील. कोणत्याही सदस्यास गच्चीचा वैयक्तिक वापर करता येणार नाही.’ सुरक्षारक्षक म्हणून आमच्याकडे एक पिवळा कुत्रा आहे आणि तो दुपारी झोपतो.

अध्यक्षांचा मुलगा नवी मुंबईत एका मोठ्या संकुलात राहतो. तिथली नोटीस फोनवर आली, तीत आमच्या इमारतीचं नाव घातलं गेलं, वर आमचा शिक्का बसला. चूक एवढीच होती. फळ्यासमोर मी एकटाच हसलो. मग मागून आवाज आला, “भाऊ, हसतोस काय? वाच की मोठ्यानं.”

मागे काकी उभ्या होत्या, खांद्यावर टोपली. तळमजल्यावर राहतात. सत्तरीच्या पुढे गेलेल्या, चौथीपर्यंत शिकलेल्या आणि या जमिनीच्या मूळ मालकीण. इमारत जिथे उभी आहे तिथे पूर्वी त्यांचं घर आणि घरापुढचं खळं होतं. नवरा गेल्यावर त्यांनी जागा बिल्डरला दिली आणि त्या बदल्यात तळमजल्यावरचं एक घर घेतलं. मागची सुपारीची वाडी मात्र ठेवली. ती वाडी हेच त्यांचं वर्षाचं उत्पन्न.

आता सुपारीची एक अडचण असते. ती वाढते सावलीत आणि वाळते उन्हात. वाडीत दुपारी बारा वाजतासुद्धा जमिनीवर ऊन पडत नाही. पिकलेली सुपारी सालासकट पसरून, रोज हलवून, दीड महिना कडक उन्हात वाळवावी लागते. त्यासाठीच खळं असतं. काकींचं खळं आमच्या पार्किंगखाली गेलं, तेव्हा बिल्डरनेच त्यांना सांगितलं होतं, “काकी, काळजी करू नका, वर गच्ची आहे ना.” तेव्हापासून दर वर्षी हिवाळ्यापासून एप्रिलपर्यंत काकी टोपल्या घेऊन चार जिने चढतात. त्या दिवसांत आमच्या डोक्यावर सकाळ-संध्याकाळ त्यांच्या दांड्याचा खर्र खर्र आवाज होतो. मला त्याची इतकी सवय झाली आहे, की तो आला नाही तर मी वर जाऊन बघतो.

मी नववं कलम मोठ्याने वाचलं. काकींनी टोपली खाली ठेवली.

“कायमची?”

“असं लिहिलंय.”

“आन् पैसे?”

“ते सगळ्यांनी द्यायचे. गच्ची सगळ्यांची आहे म्हणून.”

काकींनी नोटिशीकडे बघितलं, मग माझ्याकडे. “पैशाच्या येळंला सगळ्यांची, आन् सुपारीच्या येळंला कुत्र्याची. व्हय ना?”

अकरा कलमांचं इतकं नेमकं परीक्षण मी पुढेही ऐकलं नाही.

शनिवार होता, मुंबईहून सुट्टीला येणारेही घरी होते. संध्याकाळी नोटिशीची वही घरोघर फिरली. आमच्याकडे पद्धत अशी: नोटीस वहीत चिकटवायची आणि सदस्याने नावापुढे सही करायची. सहीच्या रकान्याला आजवर ‘वाचले’ असं शीर्षक होतं. या वेळी ते ‘वाचून मान्य’ असं झालं होतं. हेही नवी मुंबईहून आलेलं असावं. दहा जणांनी सह्या ठोकल्या होत्या. त्यातल्या निदान सात जणांनी नोटीस वाचली नव्हती, हे मी पैजेवर सांगतो. वही घेऊन अध्यक्ष स्वतः आले होते.

“तुमचं स्वयंपाकघर गळतंय म्हणून मी एवढी धावपळ केली,” ते म्हणाले. “सही करा.”

मी नवव्या कलमाचं विचारलं. सहावं आणि आठवंही विचारलं. सभ्यपणे विचारलं, लिफ्ट कुठे बसवणार आहात असं मी म्हणालो नाही, असं मला वाटतं. पण बायको म्हणते की मी म्हणालो.

अध्यक्षांनी नोटीस पुन्हा एकदा वरपासून खालपर्यंत पाहिली. त्या क्षणात सगळं मिटलं असतं. ‘अहो, चुकून राहिलं ते,’ एवढं एक वाक्य पुरे होतं. पण कागदावर शिक्का बसला होता, आणि शिक्का बसला की चूक राहत नाही, धोरण होतं.

“ते जाणीवपूर्वक घातलेलं आहे,” ते म्हणाले. “गच्ची गळते कशाने? त्या सुपारीने. रोज दांडे ओढायचे, ओझी आपटायची. एवढा खर्च करून पुन्हा तेच करायचं का?”

“लिफ्टपण जाणीवपूर्वक?”

“भविष्यातली तरतूद,” ते म्हणाले. मला मान्य करायला हवं, या उत्तराचं मला कौतुक वाटलं.

मी रकान्यात लिहिलं: ‘वाचले. मान्य नाही.’ त्यांनी वही हिसकावली नाही, पण जवळपास तेवढीच जोरात मिटली. दारातून जाताना म्हणाले, “वाद घालाल तर काम लांबेल. मेअखेरपर्यंत नाही झालं तर पाऊस. मग ठेवा परात.”

ते खरं होतं. त्यात माझंच नुकसान होतं, आणि त्यांना ते माहीत होतं.

वही तिथून तळमजल्यावर गेली. काकींनी सांगितलेला प्रसंग असा: त्यांनी विचारलं, “साहेब, सही केली म्हंजे मी व्हय म्हटलं का?” साहेब म्हणाले, तसं नाही, ही फक्त पद्धत आहे. काकी म्हणाल्या, “मग ते वरच्या भाऊंनी काय लिवलंय? तेच लिवा माज्या नावापुढं, मी सही करते.” अध्यक्षांनी आपल्या अक्षरात ‘मान्य नाही’ लिहिण्यास नकार दिला. मग काकींनी स्वतःच लिहिलं. सुपारी मोजून झाली की हिशेबाच्या पाटीवर त्या जसं लिहितात, तशा मोठ्या अक्षरात. ते दोन शब्द तीन जणांच्या रकान्यांवर पसरले.

दुसऱ्या दिवशी गच्ची पाहायला मिस्त्री आला. हे काम घेतलेला हा माणूस म्हसळ्याकडचा, कमी बोलणारा. मी त्याच्या मागे मागे फिरलो. काकींची सुपारी दक्षिणेच्या बाजूला पसरलेली होती. तिथे त्याने हातोडीच्या दांड्याने कोबा ठोकून पाहिला. ठाक ठाक असा भरीव आवाज आला. मग उत्तरेच्या कोपऱ्यात, माझ्या स्वयंपाकघराच्या बरोबर वर, ठोकला. तिथे पोकळ आवाज.

“इथं काय बसवलं होतं?” त्याने विचारलं.

त्या जागी चार भोकं होती, गंजलेल्या बोल्टांसकट. माझ्या लक्षात आलं. इमारतीच्या नावाचा प्रकाशित फलक तिथे होता, खाली अध्यक्षांचं नाव आणि त्यांचं पूर्वीचं पद. समुद्रावरून येणाऱ्यांना तो दिसावा अशी त्यांची इच्छा होती. एका वादळाच्या रात्री फलक उडून शेजारच्या नारळात अडकला. तो काढला, पण त्याची भोकं तशीच राहिली.

“पाणी हितूनच जातंय,” मिस्त्री म्हणाला. “सुपारीनं गच्ची गळत न्हाय. उलटं बरंय, सुपारी पसरायची म्हणून बाई झाडून घेतात. पाइपाची तोंडं मोकळी असतात.”

“हे अध्यक्षांना सांगाल?”

“मला काम हवंय हो,” तो प्रामाणिकपणे म्हणाला. मग हातोडी पिशवीत टाकत, “विचारलं तर सांगीन.”

विचारायची जागा सभा. पहिल्या मजल्यावर एक निवृत्त शिक्षिका राहतात. आम्ही सगळे त्यांना बाई म्हणतो. त्यांच्या बैठकीत बुद्धमूर्तीच्या शेजारच्या कपाटात सोसायटीच्या उपविधींची पुस्तिका असते, पेन्सिलच्या खुणांसकट. आमच्यात ती वाचलेली एवढी एकच व्यक्ती. मी नोटीस दाखवली. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवून वाचली आणि लाल पेन शोधलं. सवय जात नाही.

“दुरुस्ती सभेत ठरली, खर्चही ठरला,” त्या म्हणाल्या. “कुलूप कुठे ठरलं? गच्ची सामायिक आहे. कायमची बंद करायची तर सभेत ठराव हवा. नोटिशीत घुसडून चालत नाही.”

“मग काय करायचं?”

“विशेष सभा मागायची. एक पंचमांश सदस्यांच्या सह्या लागतात. सोळाचे किती झाले?”

“तीन पूर्णांक दोन दशांश.”

“म्हणजे चार. माणसाचे दोन दशांश सही करत नाहीत.” त्यांनी अर्जावर सही केली. काकींनी केली, मी केली. चौथी सही दुसऱ्या मजल्यावरच्या मासळीच्या व्यापाऱ्याने केली. त्याच्या बायकोचा सुका जवळाही गच्चीवरच वाळतो. सही करताना तो म्हणाला, “इंशाल्ला, चावी आपलीच राहील. नाही तर जवळा बेडरूममध्ये वाळवू, साहेबांच्या खिडकीखाली.” अध्यक्षांचं घर त्याच्या बरोबर वर आहे.

अर्ज आल्यावर महिन्याच्या आत सभा घ्यावी लागते. अध्यक्षांनी ती घेतली, पण काम सुरू व्हायच्या दोन दिवस आधीच्या बुधवारी, सकाळी अकराला. हे चातुर्य होतं. आमच्या सोळा घरांपैकी आठ मुंबईकरांची आहेत. ते येतात शनिवार-रविवारी, हरिहरेश्वरला दर्शन घेतात, मासे खातात आणि परत जातात. बुधवारी इथे कोण असणार? आणि कोरम लागतो दोन तृतीयांश सदस्यांचा. सोळांत अकरा. शिवाय बाईंनी पुस्तिकेतलं एक वाक्य दाखवलं: सदस्यांच्या मागणीवरून बोलावलेल्या सभेला अर्ध्या तासात कोरम झाला नाही, तर ती पुढे ढकलली जात नाही, रद्दच होते.

“त्यांनीही पुस्तिका वाचली आहे म्हणायची,” मी म्हणालो.

“हो,” बाई म्हणाल्या. “पहिल्यांदाच. आपण त्यांना वाचायला लावलं.”

मी मुंबईकरांना फोन केले. आधी काकींचं सांगितलं. सगळ्यांना वाईट वाटलं, पण बुधवारी कोणालाच जमणार नव्हतं. मग मी धोरण बदललं. म्हणालो, नवव्या कलमानंतर संध्याकाळी गच्चीवरून समुद्र बघता येणार नाही, शनिवारी रात्री खुर्च्या टाकून बसता येणार नाही, आणि चावी कुत्र्याकडे असेल. पुढच्या तासाभरात पाच जणांचे उलट फोन आले की रजा टाकली आहे. माणुसकीवर माझा विश्वास आहे. फक्त तिला खुर्ची टाकायला जागा लागते.

बुधवारी पार्किंगमध्ये प्लास्टिकच्या खुर्च्या मांडल्या होत्या. काकी पहिल्या रांगेत, मांडीवर एक पिशवी. मिस्त्री खांबाला टेकून उभा. अकरा वाजता बाईंनी हजेरीची वही फिरवली. इथले पाच, मुंबईचे पाच. दहा.

अध्यक्ष जिन्याच्या पहिल्या पायरीवर उभे होते. कडक इस्त्रीचा कुडता, हातात घड्याळ.

“साहेब, वहीत सही करा ना,” बाई म्हणाल्या.

“मी निरीक्षक म्हणून उपस्थित आहे,” ते म्हणाले. “सभा तुम्ही मागितली आहे. कोरम तुम्ही आणा.”

मग आम्ही अकरावा माणूस शोधू लागलो. एक जण बोर्ली पंचतनजवळ टायर पंक्चर होऊन अडकला होता. फोनवर तो टायरला, रस्त्याला आणि मला शिव्या देत होता. अकरा वाजून वीस मिनिटं झाली. अध्यक्ष घड्याळाकडे बघून ओठ न हलवता हसत होते. मला माझी परात दिसायला लागली.

काकी वळून म्हणाल्या, “बाई, साहेब बसत न्हाईत तर अध्यक्ष कोण मग आजचं?”

बाईंनी पुस्तिका उघडली. मला वाटतं, वाचायची गरज नव्हती. त्यांना पाठ होतं. “अध्यक्ष अनुपस्थित असतील तर उपस्थित सदस्यांनी आपल्यातल्या एकाला अध्यक्ष निवडायचं.” त्यांनी चष्म्यावरून सगळ्यांकडे पाहिलं. “मी काकींचं नाव सुचवते.”

“अनुमोदन,” मासळीवाला इतक्या मोठ्याने म्हणाला, की कुत्रा उठला.

समोर टेबल होतं, त्यामागे हातांची एक लाकडी खुर्ची. ती अध्यक्षांच्याच घरून आली होती. दर सभेला येते. काकींनी पिशवी उचलली, पदर खोचला आणि त्या खुर्चीकडे चालू लागल्या. पुस्तिकेप्रमाणे कोरम नसताना हे सगळं निरर्थक होतं. अध्यक्षांनी तिथेच उभं राहून आणखी चार मिनिटं काढली असती, तर ते जिंकले होते. त्यांना ते माहीत होतं. पण काकींचा हात खुर्चीच्या पाठीवर पडला, आणि त्यांना ते सहन झालं नाही.

“एक मिनिट! अध्यक्ष उपस्थित आहेत!” ते पायरी उतरून आले, वही ओढली, सही केली, वेळ घातली, अकरा सव्वीस, आणि खुर्चीत बसले.

बाईंनी शांतपणे मोजलं. “अकरा. कोरम पूर्ण. सभा सुरू करावी.”

अध्यक्षांच्या चेहऱ्याचं वर्णन मी करत नाही. हरल्यानंतरही त्यांनी ‘सभेस उपस्थित सर्व मान्यवर’ असं म्हणूनच सुरुवात केली, आणि त्याबद्दल मला त्यांचा आदर वाटला.

सभा तासभर चालली. मिस्त्रीला विचारलं, आणि विचारलं म्हणून त्याने सांगितलं. फलकाच्या बोल्टांचं तो बोलत होता तेव्हा अध्यक्ष कागद सारखे करत होते. मग म्हणाले, “तरीही, एकदा नवीन कोबा झाल्यावर त्यावर दांडे ओढणं—”

“साहेब,” काकी म्हणाल्या, “लोखंडी दांडा न्हाय माजा. बांबूचा हाय. वर येऊन बघा कदी.” त्यांनी पिशवीतून मूठभर सुपाऱ्या काढल्या आणि त्यांच्यासमोर टेबलावर ठेवल्या. “ही कानाशी हलवा.”

“कशाला?”

“हलवा तर.”

अकरा माणसांसमोर अध्यक्षांनी सुपारी कानाशी हलवली. आवाज आला नाही.

“वाजत न्हाय ना? म्हंजे अजून वाळली न्हाय. वाजायला लागली की झाली. अजून पंधरा-सोळा दिस. शुक्रवारी काढून ढीग लावला तर बुरशी धरंल, सगळं वरीस गेलं. पैशाला मी न्हाय म्हटलेलं न्हाय. माजा हिस्सा घ्या. पन माजं खळं तुमच्या खाली घातलंत, आता डोक्यावरचंबी काढताय?”

मुंबईकरांपैकी एक बाई, पहिल्या फोनला ‘बघू’ म्हणालेली, टेबलावरची सुपारी उचलून कानाशी हलवू लागली. मग सगळेच हलवायला लागले. कुठलाही ठराव इतका कान देऊन विचारात घेतलेला मी पाहिलेला नाही.

ठराव झाला. नववं कलम रद्द, सहावं आणि आठवंही, ‘प्रत्यक्ष परिस्थितीशी सुसंगत नसल्याने’. हे शब्द अध्यक्षांनीच सुचवले, त्यांना तेवढं सोडलं. काम सुपारी वाजू लागल्यावर, एप्रिलच्या मध्याला सुरू. कामाच्या तीन आठवड्यांत गच्ची बंद, त्यानंतर सगळ्यांना खुली. चाव्या दोन: एक अध्यक्षांकडे, एक काकींकडे. खर्चाची वाटणी होती तशीच. विरोधात एक मत.

मेच्या दुसऱ्या आठवड्यात गच्चीत पाणी साठवलं. तीन दिवस मी स्वयंपाकघराचं दार उघडं ठेवलं, आणि ठरल्याप्रमाणे अध्यक्ष टॉर्च घेऊन छत बघायला आले. चहा घेतला. छत कोरडं होतं. “बघा,” ते म्हणाले, “वेळेत झालं.” मी हो म्हणालो. बायकोने परात धुऊन फळीवर टाकली.

पावसाळ्यातही छत कोरडं राहिलं. मग जानेवारीत, काकींची सुपारी पुन्हा वर आली होती तेव्हा, फळ्यावर नोटीस लागली. ‘जलरोधक गच्चीचे लोकार्पण. रविवार, सकाळी दहा. अध्यक्षांच्या शुभहस्ते. सर्व सदस्यांनी सहकुटुंब उपस्थित राहावे. कार्यक्रमासाठी गच्ची मोकळी ठेवण्यात यावी.’

वही घरोघर फिरली. माझ्याकडे आली तेव्हा काकींचा रकाना भरलेला होता. तेच मोठं अक्षर, पण आता एका रकान्यात नीट बसवलेलं: ‘वाचले. मान्य नाही.’

मी खाली लिहिलं, ‘वरीलप्रमाणे.’

रविवारी दहाला आम्ही तिसऱ्या मजल्यावरून वर जाणाऱ्या जिन्यात जमलो. काकींनी आपल्या चावीने दार उघडलं. गच्ची या कठड्यापासून त्या कठड्यापर्यंत सुपारीने भरली होती, केशरी, एकही फट न ठेवता. पाण्याच्या टाकीकडे जायला फक्त एक फुटाची वाट सोडली होती.

“खुर्च्या कुठे मांडायच्या?” अध्यक्षांनी विचारलं.

“खाली,” काकी म्हणाल्या. त्यांनी चप्पल काढली, बांबूचा दांडा घेतला आणि त्या सुपारी हलवायला आत गेल्या.

अध्यक्ष हातात नारळ घेऊन उंबऱ्यावर उभे राहिले. शेवटी त्यांनी तो तिथेच फोडला. पाणी आमच्या जिन्यावरून खाली गेलं.